शेवटचा व्हिडिओ २००५ चा, मग चॅनल बंद समजायचं का?

यूट्यूबवर jawed नावाचं एक चॅनल आहे. त्यावर एकच व्हिडिओ आहे, तोही १९ सेकंदांचा. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक तरुण त्यांच्या सोंडेबद्दल दोन शब्द बोलतो, बस. हा तरुण म्हणजे यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, आणि हा यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ. शेवटच्या व्हिडिओची तारीख एवढंच पाहणारा हे चॅनल वीस वर्षांपूर्वीच थंडावलं म्हणून मोकळा होईल. प्रत्यक्षात तसं नाही. पण त्याआधी ही तारीख तरी नेमकी कोणती, ते पाहू.

चॅनलच्या पानावर व्हिडिओखाली दिसतं ते नुसतं मोघम वय: इतक्या महिन्यांपूर्वी, इतक्या वर्षांपूर्वी. हा हिशेब पूर्ण झालेल्या वर्षांचा असतो. म्हणजे ‘१ वर्षापूर्वी’ असं लिहिलेला व्हिडिओ तेरा महिन्यांचाही असू शकतो आणि तेवीस महिन्यांचाही. नेमकी तारीख हवी तर व्हिडिओ उघडून खालचं वर्णन पूर्ण उलगडावं लागतं. वेळसुद्धा हवी असेल, तर प्रत्येक चॅनलची एक फीड असते, ती कुणालाही लॉगिन न करता ब्राउझरमध्ये उघडता येते. करीम यांच्या चॅनलची अशी:

```
https://www.youtube.com/feeds/videos.xml?channel_id=UC4QobU6STFB0P71PMvvOGBw
```

शेवटी दिसतो तो चॅनलचा आयडी. दुसऱ्या चॅनलसाठी तेवढाच बदलायचा. चॅनलच्या माहितीच्या चौकटीत शेअरच्या बटणाखाली तो कॉपी करायची सोय असते. फीडमध्ये अलीकडचे जास्तीत जास्त पंधरा व्हिडिओ येतात. इथे घाईत चूक होते ती अशी, की सगळ्यात वर दिसणारा `<published>` हा चॅनल उघडल्याचा दिवस असतो. व्हिडिओची तारीख हवी तर `<entry>` च्या आतला `<published>` वाचायचा. करीम यांच्या व्हिडिओपुढे तिथे २४ एप्रिल २००५, ३ वाजून ३१ मिनिटं अशी वेळ आहे, आणि लेखांमध्ये मात्र सर्रास २३ एप्रिल सापडतो. दोन्ही बरोबर आहेत. फीडची वेळ ग्रीनिचची. तेव्हा कॅलिफोर्नियात २३ तारखेची रात्र होती आणि आपल्याकडे २४ तारखेचे सकाळचे नऊ वाजले होते. शेजारचा `<updated>` मात्र पुरावा म्हणून धरू नये. मालकाने हातही न लावलेल्या जुन्या व्हिडिओपुढे तो ताजा दिसू शकतो.

तारीख अशी मिनिटापर्यंत मिळाली, तरी ती सांगते ते एवढंच, की आज सर्वांना दिसणाऱ्या व्हिडिओंपैकी सर्वांत नवा व्हिडिओ कधी खुला झाला. मार्चमध्ये चढवून खाजगी ठेवलेला आणि जूनमध्ये खुला केलेला व्हिडिओ जूनचाच दिसतो. उलट, मालकाने मागच्या वर्षीचे सगळे व्हिडिओ काढून टाकले, तर चॅनल वर्षभराने जुनं दिसू लागतं आणि पानावर त्याची खूणही राहत नाही. शिवाय शॉर्ट्स आणि थेट प्रक्षेपणं वेगळ्या टॅबमध्ये असतात. फक्त ‘व्हिडिओ’ टॅब पाहून चॅनल बंद पडलं म्हणणारे बहुतेक इथेच फसतात.

आता पुन्हा करीम यांच्याकडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने नापसंतीचे आकडे लोकांपासून लपवायला सुरुवात केली. करीम यांनी नवा व्हिडिओ टाकला नाही. त्यांनी त्या जुन्या व्हिडिओखालचं वर्णन बदलून त्यात या निर्णयावर टीका लिहिली, आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. म्हणजे सोळा वर्षं काहीही न चढवलेलं चॅनल मालकाच्या हाताशीच होतं. मात्र वर्णन कधी बदललं, हे यूट्यूबचं पान सांगत नाही. तिथे तारीख व्हिडिओचीच, २००५ ची. बदल पकडायचा तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाच्या जुन्या प्रती शोधून दोन प्रतींमधला फरक पाहावा लागतो, आणि तेव्हाही हाती लागतं ते ‘या दोन दिवसांच्या मधे कधीतरी’ एवढंच.

मालकाच्या बाकीच्या खुणांचंही थोडंफार असंच. प्रेक्षकाच्या कमेंटवर त्याने दिलेलं लाल हृदय दिसतं, पण ते कधी दिलं ते कळत नाही. त्याने लिहिलेल्या उत्तरापुढे निदान मोघम वय असतं. पोस्टच्या टॅबमध्येही तसंच. प्लेलिस्टवर ती शेवटची कधी बदलली याची तारीख मिळू शकते.

यूट्यूब स्वतःही फक्त व्हिडिओ मोजत नाही. सहा महिने किंवा जास्त काळ व्हिडिओही नाही आणि पोस्टही नाही, अशा चॅनलची कमाई बंद करण्याचा अधिकार त्याने नियमांत राखून ठेवला आहे. म्हणजे वर्षभर व्हिडिओ न टाकता अधूनमधून चार ओळींची पोस्ट टाकणारा माणूस या नियमापुरता निष्क्रिय ठरत नाही.