जमिनीतून आरपार पडणारे पात्र

व्हिडिओ गेममधले पात्र उंचावरून झेप घेते आणि जमिनीवर उतरण्याऐवजी तिच्यातून आरपार खाली निघून जाते. पायाखाली काहीच नसलेल्या पोकळीत ते पडतच राहते. गेम बनवणाऱ्याला छळणारी बाब म्हणजे हे दर वेळी घडत नाही. त्याच ठिकाणी, तीच चाल पुन्हा खेळली तर पात्र व्यवस्थित उतरते. या दोषाला गेमच्या धंद्यात ‘टनेलिंग’ म्हणतात. तो लहरी वाटला तरी त्यामागे अगदी साधे अंकगणित आहे.

गेमच्या जगातली हालचाल सलग नसते. गेम बनवण्यासाठी जगभर वापरले जाणारे ‘युनिटी’ हे सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेतले, तर त्यातले भौतिकीचे गणित मुळातल्या सेटिंगनुसार दर 0.02 सेकंदाला, म्हणजे सेकंदाला 50 वेळा होते. प्रत्येक पायरीला वस्तू तिच्या वेगानुसार पुढच्या जागी नेऊन ठेवली जाते आणि त्या जागी ती दुसऱ्या कशात घुसली आहे का, हे पाहिले जाते. घुसली असेल तर तिला बाहेर ढकलायचे. दोन पायऱ्यांच्या मधल्या वाटेवर काय होते, हे कोणी पाहत नाही. ही तपासणी पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावर होत नाही. चित्राला जोडलेल्या साध्या, अदृश्य आकारांवर ती होते. अशा आकाराला कोलायडर म्हणतात. माणसासारख्या पात्राला बहुधा औषधाच्या कॅप्सूलच्या आकाराचा कोलायडर असतो, तर जमिनीला चपट्या पेटीचा.

समजा, पात्राचा कॅप्सूल 1 मीटर उंच आहे आणि जमिनीची पेटी 0.1 मीटर जाड आहे. जमिनीचा वरचा पृष्ठभाग शून्य उंचीवर आहे. पात्राला एक खास चाल दिली आहे: हवेतून सरळ खाली झेपावून जमिनीवर आदळायचे. त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला 40 मीटर ठेवला आहे आणि तो कायम राहावा म्हणून गुरुत्वाकर्षण तेवढ्यापुरते बंद केले आहे. हा वेग ताशी 144 किलोमीटर होतो. प्रत्यक्षात एवढा वेग गाठायला हवेचा अडथळा नसतानाही सुमारे 82 मीटर खाली पडावे लागेल, पण गेममध्ये चाल जोरकस दिसावी म्हणून असे आकडे सर्रास वापरतात. 40 ला 0.02 ने गुणले की पात्र एका पायरीत 0.8 मीटर खाली सरकते.

इथे पहिला प्रश्न पडतो. पात्र 1 मीटरचे, उडी 0.8 मीटरची. मग ते जमिनीला पूर्ण ओलांडून पलीकडे कसे जाईल? जमिनीला अजिबात न शिवता पलीकडे जायचे तर पात्राची उंची आणि जमिनीची जाडी मिळून 1.1 मीटरपेक्षा मोठी उडी हवी. म्हणजे टनेलिंगचे जे सोपे चित्र पुस्तकांत काढलेले असते, की एका पायरीला वस्तू भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या पायरीला पलीकडे, ते या पात्राला लागू होत नाही. तरीही ते खाली पडते, आणि खरी मेख तिथेच आहे.

पात्र जमिनीत घुसलेले आढळले की इंजिन त्याला बाहेर काढायला जवळची वाट शोधते. ते कोणत्या दिशेने आत शिरले याची आठवण इंजिनला नसते. सध्याच्या स्थितीतून वर काढणे सोपे की खाली ढकलणे सोपे, एवढेच ते पाहते. कॅप्सूलचा मध्य जमिनीच्या जाडीच्या मध्यापेक्षा वर असेल तर वरची वाट जवळची ठरते. मध्य त्याच्याही खाली गेला असेल तर खालची. म्हणून धोका 1.1 मीटरच्या उडीला सुरू न होता त्याच्या निम्म्यावर, 0.55 मीटरलाच सुरू होतो. पात्राला जमिनीखाली ढकलून देणारे इंजिनच असते, आणि तेही मदत करण्याच्या हेतूने.

लहरीपणाचा उलगडाही यातूनच होतो. आदळण्याआधीच्या शेवटच्या पायरीला पात्राचे पाय जमिनीपासून किती वर आहेत, हे झेप कोणत्या उंचीवरून सुरू झाली त्यावर ठरते. ते अंतर 0 ते 0.8 मीटरमध्ये काहीही असू शकते. अंतर 0.3 असेल तर पाय 0.5 मीटर आत जातात आणि पात्र वर फेकले जाते. अंतर 0.1 असेल तर पाय 0.7 मीटर आत जातात आणि पात्र खाली जाते. 0.25 पेक्षा कमी अंतर उरले की खेळ संपला. 0.8 पैकी 0.25, म्हणजे दहापैकी साधारण तीन वेळा पात्र पडणार. चाचणी करणाऱ्याने चार वेळा खेळून पाहिले आणि चारही वेळा ठीक निघाले, तर त्यात नवल काहीच नाही.

दोष शोधताना आधी टनेलिंगखेरीजची कारणे बाजूला काढावी लागतात. पात्राला जमिनीवर अर्ध्या मीटरवरून हळूच सोडून पाहावे. तेव्हाही ते आरपार गेले तर वेगाचा काही संबंध नाही. जमिनीला कोलायडर लावायचा राहिला आहे, किंवा त्यावर `Is Trigger` ची खूण पडली आहे, किंवा `Layer Collision Matrix` मध्ये त्या दोन थरांची टक्कर बंद केलेली आहे. हळू सोडल्यावर टिकते आणि जोरात आल्यावरच पडते, असे असेल तर संशय टनेलिंगवर.

मग भौतिकीच्या प्रत्येक पायरीला, म्हणजे `FixedUpdate` मध्ये, पात्राच्या मध्याची उंची छापून घ्यावी. वरच्या उदाहरणात दोन झेपांची नोंद अशी दिसेल:

```
A:  2.4   1.6   0.8   0.0
B:  2.2   1.4   0.6  -0.2  -1.0
```

जमिनीच्या जाडीचा मध्य -0.05 वर आहे. पहिल्या झेपेत पात्राचा मध्य 0.0 वर थांबला, म्हणजे निसटता वरच राहिला, आणि तिथून ते पुढच्या काही पायऱ्यांत 0.5 या योग्य उंचीवर आले. दुसऱ्या झेपेत तो -0.2 वर गेला आणि पुढच्या पायरीला पात्र जमिनीच्या पार खाली होते. टक्कर झाल्यावर इंजिन संपर्काची दिशाही सांगते. जमिनीने पात्राला वर ढकलले तर `normal.y` धन असतो. पडलेल्या झेपेत तो ऋण निघाला, तर पुराव्यात काही कमी राहिले नाही. आदळण्याचा आवाज वाजतो, धूळ उडते आणि तरीही पात्र खाली जाते, असे दिसले तर बहुधा हाच प्रकार असतो. कारण इंजिनच्या लेखी टक्कर झालेलीच असते, फक्त उलट्या बाजूने.

यात एक सापळा आहे. घटना नीट दिसावी म्हणून गेम मंद गतीने चालवला जातो. युनिटीत `Time.timeScale` 0.1 केला तरी पायरी गेमच्या घड्याळाने 0.02 सेकंदाचीच राहते, त्यामुळे दोषही कायम राहतो आणि तो निवांत पाहता येतो. पण मंद गतीतली हालचाल तुटक दिसू नये म्हणून पुष्कळ जण `Time.fixedDeltaTime` सुद्धा त्याच प्रमाणात कमी करतात. तसे केले की एका पायरीतली उडी 0.08 मीटरवर येते आणि दोष गायब होतो. मग मंद गतीत सारे सुरळीत आणि पूर्ण गतीत बिघाड, असे कोडे पडते. हेच निदानासाठी मुद्दाम वापरता येते: `Fixed Timestep` 0.02 वरून 0.01 करावा. उडी 0.4 मीटरची होते, ती 0.55 च्या आत आहे, त्यामुळे पात्र एकदाही पडता कामा नये. तरीही पडले तर निदान चुकले.

उपायांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे जमीन जाड करणे. दिसणारी फरशी पातळच ठेवून तिच्या खालच्या बाजूने कोलायडर 1 मीटर जाड केला तर तिचा मध्य -0.5 वर जातो. आता धोका 1 मीटरच्या उडीला, म्हणजे सेकंदाला 50 मीटर वेगाला सुरू होईल, आणि या पात्राचा वेग 40 आहे. संगणकावर जादा भार शून्य. मात्र मजल्यावर मजला असलेल्या इमारतीत एवढी जाडी खाली लपवायला जागा नसते.

पायरी लहान करणे हा निदानाला उत्तम पण उपाय म्हणून महाग मार्ग आहे, कारण एका पात्रासाठी गेममधल्या सगळ्याच वस्तूंचे गणित दुप्पट वेळा करावे लागते. शिवाय वेग वाढवला की दोष परत येतो. 1996 मधल्या ‘सुपर मारिओ 64’ मध्ये मारिओची प्रत्येक फ्रेममधली हालचाल चार तुकड्यांत मोडून तपासली जात होती. पण मागच्या दिशेने लांब उड्या मारत गेल्यास त्याच्या वेगाला वरची मर्यादा नव्हती. खेळाडूंनी हे हेरले आणि वेग इतका वाढवला की चार तुकडेही अपुरे पडले व मारिओ बंद दारांतून पलीकडे जाऊ लागला.

तिसरा मार्ग वाटच तपासण्याचा. पात्राच्या `Rigidbody` मध्ये `Collision Detection` हे `Discrete` ऐवजी `Continuous` केले की इंजिन फक्त शेवटची जागा न पाहता कॅप्सूल त्या पूर्ण वाटेवरून सरकवून पाहते आणि पहिली धडक जिथे होते तिथे थांबवते. स्थिर जमिनीसाठी हे चोख काम करते. पण खेळण्यातल्या लिफ्टसारखी हलती फरशी असेल तर तेवढ्याने भागत नाही. तिथे `Continuous Speculative` ही निराळी पद्धत वापरावी लागते, आणि तिच्यात पात्र कधीकधी न लागलेल्या कडेलाही अडखळते.

ही सुविधा लावूनही पात्र पडत असेल तर त्याला हलवणारी ओळ तपासावी. कोडमध्ये `transform.position` थेट बदलला असेल, तर इंजिनच्या दृष्टीने पात्र कोणत्याही वाटेने गेलेच नाही, ते इथून उचलून तिथे ठेवले गेले. वाटच नसल्यावर तपासायचे काय? शिवाय ती ओळ `Update` मध्ये असेल तर उडी पडद्याच्या फ्रेमवर ठरते. सेकंदाला 60 फ्रेम असताना ती 0.67 मीटर असते, आणि फोन अडखळून 20 वर आला की 2 मीटर. काही खेळाडूंच्या जुन्या फोनवरच पात्र पडते अशी तक्रार आली, तर सर्वांत आधी इथे पाहावे.

वेग भौतिकीच्या पायरीतच द्यावा आणि खात्री हवी असेल तर वाट आपणच आधी चाचपावी:

```csharp
void FixedUpdate()
{
    float dt = Time.fixedDeltaTime;
    float v = slamSpeed;
    if (rb.SweepTest(Vector3.down, out RaycastHit hit, v * dt))
        v = hit.distance / dt;
    rb.linearVelocity = Vector3.down * v;
}
```

पुढच्या पायरीत जमीन आडवी येणार असेल तर वेग नेमका तेवढाच उरतो, जेवढ्याने पाय जमिनीला टेकतील. पात्र आधीच जमिनीत रुतलेले असेल तर मात्र ही चाचपणी ते ओळखत नाही, म्हणून झेप मोकळ्या हवेतूनच सुरू व्हायला हवी.

बहुतेक गेममध्ये जमिनीच्या बऱ्याच खाली एक अदृश्य पट्टा ठेवतात. पात्र तिथे पोहोचले की त्याला शेवटच्या सुरक्षित जागी परत आणले जाते. खेळाडूच्या सोयीसाठी तो असावाच, पण चाचणीच्या काळात त्याने पात्राची शेवटची जागा, वेग आणि फ्रेमचा कालावधी नोंदवून ठेवला पाहिजे. नाहीतर दहापैकी तीन वेळा होणारा बिघाड चाचणी करणाऱ्याला क्षणभराची उचकी वाटतो आणि कुणी त्याची तक्रारही लिहून ठेवत नाही.