पगारदार माणूस सावकार असतो

गुंतवणुकीचे ढोबळमानाने दोन भाग असतात. शेअर घेणारा धंद्यात भागीदार होतो, नफा-नुकसान त्याचे. दुसऱ्या भागात आपण पैसे उसने देतो आणि व्याज घेतो. बँकेतील ठेव ही अशीच उसनवारी. १९५२ च्या कायद्याने आलेला भविष्यनिर्वाह निधी हीही त्याच जातीची गुंतवणूक होय. पण पगारातून परस्पर कापली जात असल्यामुळे आपण ती हिशेबात धरीत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या कारखान्यातला फिटर घ्या. मूळ पगार व महागाईभत्ता मिळून २०,००० रुपये. त्याचे बारा टक्के, म्हणजे २,४०० रुपये, निधीत जातात. मालकही पूर्ण पगारावर २,४०० भरतो. पण त्यांतील १,२५० रुपये पेन्शन योजनेकडे वळतात व निधीत १,१५० च येतात. पेन्शनची रक्कम शिल्लक म्हणून मोजू नये.

आता या फिटरचे निधीत सहा लाख, बँकेत एक लाख आणि शेअरांच्या म्युच्युअल फंडात दोन लाख आहेत असे समजा. निधी विसरला तर त्याला वाटेल, तीनपैकी दोन हिस्से जोखमीत आहेत. वास्तविक नऊपैकी सात हिस्से उसनवारीत आहेत. तो तिशीतला असेल, तर नवी बचत पुन्हा ठेवीतच टाकण्याचे कारण नाही.

तोच पन्नाशीचा असेल आणि त्याला सुरक्षित भाग वाढवावयाचा असेल, तर मालकाकडे लेखी अर्ज करून ऐच्छिक वर्गणी वाढविता येते. तिच्यावर मालक भर घालीत नाही. व्याज मात्र निधीचेच मिळते. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. हा दर कायमचा नव्हे. तो दरसाल ठरतो आणि २०२१-२२ मध्ये ८.१ टक्क्यांवर आला होता. कामगाराची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांवर गेली, तर एप्रिल २०२१ पासून वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. आपल्या फिटरने दरमहा २,००० वाढविले, तरी त्याची वर्षाची वर्गणी ५२,८०० च होते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. निधीतून पैसे काढण्याला नियमांचे बंधन आहे. म्हणून सहा महिन्यांनी लग्नाला लागणारा पैसा बँकेतच बरा. दुसरे असे की, ऐच्छिक वर्गणीही मालकाच्याच हातून जाते. पगारपत्रकावर कपात दिसली म्हणजे रक्कम भरली असे नव्हे. मालकाने ती पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावयाची असते. महिनाअखेरीस पासबुक उघडून दोन्ही आकडे ताडून पाहा. नोंद नसेल, तर आधी लेखी विचारणा आणि मग निधीच्या कार्यालयाकडे तक्रार करावी; आणि तोवर वर्गणी वाढवू नये. सावकाराने आपली वही स्वतः वाचलीच पाहिजे.