सात वाजता की आठ?

नेटवर्कमधून डेटा कसा जातो हे शिकवायचं म्हटलं की मुलांची एक लांब रांग उभी करावीशी वाटते. मीही नववीच्या वर्गात तेच केलं होतं. पहिल्याने दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. शेवटी पोचेपर्यंत वाक्याचा पार बट्ट्याबोळ झाला, वर्ग हसून लोळला, आणि मुलं शिकली ते चुकीचंच: निरोप वाटेत थोडा थोडा बदलत जातो. खऱ्या नेटवर्कमध्ये बिघडलेला तुकडा ओळखून सरळ टाकून देतात. तिथली रोजची अडचण निरोप बदलण्याची नसते, तुकडा हरवण्याची असते. शिवाय एका रांगेत वाटही एकच. एक मुलगा पाणी प्यायला गेला की इंटरनेट बंद!

म्हणून आता रांगेऐवजी जाळं करते. चोवीस मुलं, चार रांगांत सहा-सहा. चिठ्ठी फक्त शेजारच्याला द्यायची: पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे. पाठवणारी एका कोपऱ्यात, घेणारा समोरच्या तिरप्या कोपऱ्यात. चिठ्ठीला निदान आठ हात बदलावे लागतात, आणि वळसा न घेता जायच्या वाटाच 56 निघतात. त्या मोजायचं काम मी गणिताच्या हुशार पोरांवर सोपवते.

निरोप सहा शब्दांचा: ‘उद्या सकाळी सात वाजता मैदानावर या’. एका चिठ्ठीवर एकच शब्द, वर कोणाकडून, कोणाकडे आणि क्रमांक. शिवाय बारा ठिपके. प्रत्येक हात एक ठिपका खोडतो. ठिपके संपले की चिठ्ठी कचऱ्याच्या डब्यात. हा नियम नव्हता तेव्हा दोन मैत्रिणी एकच चिठ्ठी एकमेकींना देत बसल्या होत्या. खरे राउटरही असे घोळ घालतात, म्हणून प्रत्येक पॅकेटवर अशीच उतरती मोजणी असते.

मधल्या मुलांनी शब्द वाचायचा नाही. फक्त पत्ता बघायचा, ज्या शेजाऱ्याचा हात मोकळा त्याला द्यायची आणि विसरून जायचं.

घेणाऱ्याकडे गुलाबी कागद असतात, पोच द्यायला. पोच म्हणजे ‘मिळाली’ असं नुसतं लिहायचं नाही. पुढची कितवी हवी ते लिहायचं. एक नंबर आली की ‘दोन हवी’. दोन आली की ‘तीन हवी’. आणि तीन नंबरची चिठ्ठी मी वाटेतल्या एका मुलाच्या हातातून हळूच काढून खिशात घालते.

आता चार नंबर येते. मुलगा ‘पाच हवी’ लिहायला जातो आणि थबकतो. तीन कुठेय? मग पुन्हा ‘तीन हवी’. पाच आली, तरी ‘तीन हवी’. सहा आली, तरी ‘तीन हवी’. पाठवणारीच्या हातात तेच मागणं पुन्हा तीनदा पडलं की तिने समजायचं, तीन गेली. इंटरनेटवरच्या टीसीपीचाही साधारण हाच ठोकताळा आहे. एकदा-दोनदा मागणं आलं तर चिठ्ठी नुसती मागे पडलेलीही असू शकते.

इथे दरवर्षी एक गंमत होते. पाठवणारी म्हणते, “मॅडम, ती तर मी देऊन टाकली!” प्रत ठेवलेलीच नसते. मग ती मधल्या मुलांवर ओरडते, “अरे, कोणाकडे आहे?” मधल्यांना काय माहीत? पोच येईपर्यंत प्रत सांभाळायची ती पाठवणाऱ्याने, हे फळ्यावर लिहून जेवढं समजत नाही तेवढं तिच्या त्या रिकाम्या हातांनी समजतं. हिशेब दोन टोकांनी ठेवायचा, मधल्यांनी फक्त पुढे सरकवायचं, हा विचार 1970च्या दशकात फ्रान्समध्ये लुई पुझँ यांनी आपल्या नेटवर्कमध्ये राबवला. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 साली मांडलेल्या टीसीपीच्या आराखड्यातही तो आहे.

खरी पंचाईत शेवटची चिठ्ठी हरवली तर होते. सहाच्या मागून काहीच येत नाही, त्यामुळे तेच मागणं पुन्हा-पुन्हा करायची वेळच येत नाही. दोन्ही टोकं गप्प. अशा वेळी घड्याळच कामाला येतं. आमच्याकडे पहिली चिठ्ठी जाऊन तिची पोच परत यायला पन्नासेक सेकंद लागतात, म्हणून दीड मिनिट थांबायचं ठरलं. कॉम्प्युटरही आधीच्या फेऱ्यांना लागलेल्या वेळावरूनच वाट बघायची मुदत ठरवतो, आणि तरी पोच आली नाही तर पुढच्या खेपेला ती दुप्पट करतो.

यंदा मी सहा नंबर काढून घेतली नव्हती. तरी दीड मिनिट उलटलं, पोच नाही. मुलीने प्रत काढून पुन्हा पाठवली. ती पोचली, आणि मागोमाग पहिली सहाही आली: तिसऱ्या रांगेतला एकजण ती मांडीवर ठेवून बुटाची नाडी बांधत बसला होता. घेणाऱ्याने क्रमांक बघितला, दुसरी सहा बाजूला टाकली आणि पुन्हा एकदा गुलाबी कागदावर लिहिलं, ‘सात हवी’.