पट्टीचा माग

उजव्या ओटीपोटावर तीन-चार बोटांचा छेद. अपेंडिक्स काढायचं आहे, पण पोट उघडताच आधी वर येतं ते आतड्याचं कुठलं तरी वेटोळं. हे लहान आतडं की मोठं? रुंदीवर विसंबलं तर फसगत होते. वायूने फुगलेलं लहान आतडं रिकाम्या मोठ्या आतड्यापेक्षा जाड दिसू शकतं.

म्हणून सर्जन पट्ट्या शोधतो. लहान आतड्याचा लांबीच्या दिशेने जाणारा स्नायू सगळीकडे सारखा पसरलेला असतो, त्यामुळे ते बाहेरून गुळगुळीत दिसतं. मोठ्या आतड्यात तोच स्नायू मुख्यतः तीन फिकट पट्ट्यांत गोळा झालेला असतो. पट्ट्या आतड्यापेक्षा आखूड, त्यामुळे नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडाव्यात तसे आतड्याला फुगे येतात. बाहेरून चरबीचे छोटे पिवळे लोंबते गोंडेही दिसतात. मात्र सुरुवातीच्या पिशवीवर, म्हणजे उंडुकावर, ते तुरळक असतात किंवा नसतातच. गोंडे दिसले नाहीत म्हणून ते लहान आतडं ठरत नाही. पट्टी दिसली तर शंका मिटते.

मग पुढची पट्टी धरून खाली उतरायचं. उंडुकावर तिन्ही पट्ट्या एका जागी मिळतात आणि तिथेच अपेंडिक्सचं मूळ असतं. लहान आतडं उंडुकाला मिळतं तिथून हे मूळ साधारण दोन सेंटिमीटर खाली सापडतं. उंडुकाच्या तुलनेत त्याची जागा ठरलेली. टोकाचा मात्र भरवसा नाही. घड्याळाच्या काट्यासारखं ते कुठेही वळतं: उंडुकाच्या मागे, खाली कटिरात, लहान आतड्याच्या पुढे किंवा मागे. मागे वळलेलं बऱ्याच जणांत आढळतं.

दुखणंही टोकाच्या जागेप्रमाणे बदलतं. समजा, एका तरुणाला दोन दिवस ताप आहे आणि उजवी कूस दुखते आहे. पोट पुढून दाबलं तर फारसं कळवळत नाही, पण डाव्या कुशीवर झोपवून उजवा पाय मागे ताणला की तो ओरडतो. सुजलेलं टोक उंडुकाच्या मागे, मांडी उचलणाऱ्या स्नायूला टेकलं असावं. टोक कटिरात असतं तर लघवीला घाई, वारंवार शौचाला जाणं अशा तक्रारी झाल्या असत्या आणि पोट बिघडल्याचं औषध मिळून दिवस गेला असता.

या तरुणाच्या पोटात अपेंडिक्स दिसत नाही. नसेलच, असं मानणं चूक. जन्मतः अपेंडिक्स नसणं फारच दुर्मिळ. सर्जन पट्टीवरून संगमापर्यंत येतो, उंडुकाच्या बाहेरच्या कडेचं पातळ आवरण कापतो आणि उंडुक मधल्या बाजूला उलटवतो. मागे चिकटून वर गेलेलं, लालबुंद अपेंडिक्स तेव्हा कुठे दिसतं.