पथारीवर चेहरा काळा का पडतो?

नंदुरबारच्या मिरची पथारीवर दुपारी फोनने चित्रण केलं, की मागचं आकाश झगझगीत दिसतं आणि देठ खुडणाऱ्या मावशींचा चेहरा काळवंडतो. आपल्या डोळ्यांना तो स्वच्छ दिसत असतो. फोन मात्र बहुधा चौकटीतल्या एकूण उजेडाचा अंदाज घेतो. आकाश फार उजळ असलं की सगळंच चित्र गडद करतो. म्हणून स्क्रीनवरच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये उजेड आणि फोकस तिथे कायम होतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे सकाळी, ऊन तिरपं असताना जा आणि आकाशाऐवजी मिरचीचा लाल पसारा मागे घ्या.

आवाज जास्त छळतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारी बोलण्याची ऊर्जा चौथाई उरते, वारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर लावून तो मावशींपासून वीतभर अंतरावर, चौकटीबाहेर, पातळ सुती कापडाखाली ठेवा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संकलनात चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळतात.

तीन मिनिटांची फिल्म म्हणजे 180 सेकंद. सरासरी सहा सेकंदांचा शॉट धरला तर तीस शॉट लागतात. देठ खुडण्याची एकच क्रिया लांबून, कमरेपासून वर आणि फक्त बोटांची अशी तीनदा घ्या. प्रत्येक वेळी फोन दहा सेकंद स्थिर ठेवा, म्हणजे कापायला दोन्ही टोकांना जागा उरते.