चहाच्या पातेल्याचा तपकिरी थर : आधी सोडा की आधी लिंबू?

रमजानमध्ये आमच्या घरात चहाचं पातेलं थंड होत नाही. सहरीला एक आधण, इफ्तारनंतर दुसरं, तरावीहवरून मंडळी आली की तिसरं. ईद होऊन आठवडा झाला तेव्हा अम्मींनी पातेलं उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यात चहा करायचा म्हणजे जुना चहाच पुन्हा उकळायचा." तळाला काळपट डाग होते, बाजूंना गडद तपकिरी थर होता आणि वरच्या काठाजवळ खरखरीत पांढुरका पट्टा. रोज साबणाने घासूनही हे साचलं होतं.

अशा पातेल्यामुळे चहाची चव खरंच बिघडते का, हे आम्ही आधी तपासलं. त्यात नुसतं पाणी ५ मिनिटं उकळलं, कपात ओतलं, कोमट झाल्यावर वास घेतला. करपलेल्या दुधाचा, कडवट वास आला. पत्ती बदलून, साखर वाढवून काही फरक पडत नव्हता, त्याचं कारण सापडलं. आपल्याकडेही शंका असेल तर हीच परीक्षा करून पाहा.

आता हा थर साबणाला दाद का देत नाही, ते समजून घेऊ. तो एकच थर नसतो. तळाला दूध आणि साखर करपून चिकटलेली असते. बाजूंना चहातली तुरट द्रव्यं हवेशी संयोग होऊन गडद होतात आणि पाण्यातल्या चुन्याला धरून बसतात. १९९३ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या स्पायरो आणि जगान्यी या संशोधकांनी चहावर येणाऱ्या तवंगाचा अभ्यास केला होता. जड पाण्यात तो तवंग धरतो, चुना नसलेल्या शुद्ध पाण्यात धरत नाही, असं त्यांना दिसलं. म्हणून बोअरच्या पाण्यावर चहा करणाऱ्या घरांत पातेली लवकर काळी पडतात. काठाजवळचा पांढुरका पट्टा हा तर जवळजवळ नुसता चुनाच.

म्हणजे घाण दोन स्वभावांची आहे. करपलेलं दूध आणि चहाचा रंग खाण्याच्या सोड्याने सुटतो. चुना आंबट पदार्थाने सुटतो. अनेकजण दोन्ही एकदम टाकतात, सोडा आणि वरून लिंबू. भरपूर फेस येतो, बघायला बरं वाटतं, पण त्या फेसात दोघं एकमेकांनाच मारून टाकतात आणि मागे खारट पाणी उरतं. दोन्ही वापरायचे, पण एकामागून एक. आणि आधी सोडा, कारण चुन्यावर तपकिरी थर चढलेला असतो. तो निघाल्याशिवाय आंबट पाणी नीट आत पोचत नाही.

आमचं पातेलं दोन लिटरचं, स्टीलचं. डागाच्या वरपर्यंत पाणी भरलं, ते साधारण दीड लिटर झालं. पाणी गार असतानाच ३ मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवला. उकळत्या पाण्यात सोडा टाकू नका, एकदम उतू येतो. मग मंद आचेवर १५ मिनिटं उकळू दिलं आणि गॅस बंद करून अर्धा तास तसंच ठेवलं. पाणी काळ्या चहासारखं झालं. त्याने हुरळून जाऊ नका, सोड्याने चहाचा रंग मुळातच गडद होतो. लिंबू पिळल्यावर तो फिका होतो, त्याच्या उलट. खरी खूण म्हणजे कडेने तपकिरी पापुद्रे सुटायला लागतात. पाणी ओतून नायलॉनच्या घासणीने घासलं तर बाजू स्वच्छ झाल्या. तळाचा एक डाग राहिला, त्यासाठी हेच पुन्हा एकदा करावं लागलं. तारेची घासणी आम्ही वापरली नाही. तिने ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्याच ओरखड्यांत आधी बसतो.

नंतर पातेलं धुऊन घेतलं आणि एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व टाकून पट्टा बुडेल असं भरून ठेवलं. (किराणा दुकानात याला लिंबूफूल किंवा निंबूसत म्हणतात.) कडेला बारीक बुडबुडे उठले की समजावं चुना विरघळतोय. १५ मिनिटांत खरखर गेली. शेवटी साबणाने धुतलं. पुन्हा पाणी उकळून वास घेतला, या वेळी काहीच वास नव्हता. तळाला निळसर-इंद्रधनुषी छटा दिसते, ती आचेने स्टीलवर आलेली असते. त्याने काही बिघडत नाही.

इथे एक मोठी अट आहे. हे सगळं स्टीलसाठी. ॲल्युमिनियमच्या, म्हणजे जर्मनच्या पातेल्यात सोडा उकळू नका. आमच्या मोहल्ल्यात एका शादीच्या दावतीनंतर पोरांनी चहाच्या मोठ्या जर्मनच्या पातेल्यात धुण्याचा सोडा टाकून चांगलं उकळवलं. तासाभरात आतून सगळं पातेलं काळंभोर झालं. सोडा, त्यातही धुण्याचा, ॲल्युमिनियमलाच खातो. ती काळिमा चहाची नव्हती, धातूचीच होती. नंतर लिंबूसत्त्वाचं पाणी १० मिनिटं उकळल्यावर बरीचशी काळिमा उतरली, पण तळाचे खड्डे कायमचे राहिले. जर्मनच्या पातेल्यासाठी करपलेलं दूध रात्रभर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावं, काथ्याने घासावं आणि मग लिंबूसत्त्व किंवा चिंचेचं पाणी थोडा वेळ उकळावं. आंबट पाणी त्यात रात्रभर मात्र ठेवू नये, तेही धातू खातं. भांडं कशाचं आहे ही शंका असेल तर उचलून पाहा. जर्मन हलकं आणि राखाडी, मंद चमकेचं असतं.

आता गाळणी. कडवट वास पातेल्यापेक्षा इथूनच जास्त येतो, आणि तो जाळीतून नाही, तर जाळी जिथे कड्यात दुमडलेली असते त्या खाचेतून. तिथे पत्तीचा चुरा आणि दूध अडकून नासतं. ग्लासभर कडकडीत पाण्यात २ छोटे चमचे सोडा टाकून स्टीलची गाळणी अर्धा तास बुडवा. मग जुन्या टूथब्रशने मागच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूने घासा, म्हणजे अडकलेला चुरा पुढे ढकलला जाऊन निघतो. आतून घासलं तर तो जाळीत अजून घट्ट बसतो. कड्याच्या खाचेत ब्रशचे केस उभे धरून फिरवा. पाणी जड असेल तर धुऊन नंतर १० मिनिटं लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा. साफ झाली का हे बघायला उजेडासमोर धरा, आणि नळाखाली धरल्यावर पाणी साचून न राहता सरळ खाली जातं का ते पाहा.

गाळणी गॅसच्या ज्योतीवर धरून जाळायची सवय आमच्या एका भाभींना होती. चुरा जळतो हे खरं, पण बारीक तार तापून निळी पडते, ठिसूळ होते आणि एक दिवस तारेचा तुकडा कपात येतो. प्लास्टिकच्या जाळीचा तपकिरी रंग तर कितीही भिजवा, पूर्ण जात नाही. तो प्लास्टिकच्या आत मुरलेला असतो. रंग राहिला तर चालेल, पण धुऊन वाळल्यावरही वास येत असेल तर ती गाळणी बदला.

कपड्यांचं ब्लीच किंवा संडास साफ करायचं ॲसिड पातेल्याला लावू नका. दोन्हींनी स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि ही दोन एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

आता आमच्याकडे चहा गाळला की पातेलं आणि गाळणी लगेच नळाखाली धरून पाण्याने विसळतात, घासणं नंतर सावकाश. थर ओला असतो तोवर बोटानेही निघतो. वाळला की पुन्हा सोड्याचं आधण ठेवावं लागतं. तरी बोअरच्या पाण्यामुळे काठाचा पट्टा महिन्याभरात परत दिसतोच, त्याला लिंबूसत्त्वाची १५ मिनिटं पुरतात.