तूट भरणारे डॉलर कुठून येतात?

22 मे 2013 रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के वॉशिंग्टनमध्ये संसदीय समितीपुढे साक्ष देत होते. बाजारात पैसा ओतण्यासाठी चाललेली रोखेखरेदी पुढच्या काही बैठकांमध्ये कमी करण्याचा विचार होऊ शकतो, एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी डॉलर साडेपंचावन्न रुपयांच्या आसपास होता. 28 ऑगस्टला त्याने 68 रुपये 80 पैसेही ओलांडले. या तीन महिन्यांत भारतावर युद्ध ओढवले नव्हते, दुष्काळ पडला नव्हता, सरकारही बदलले नव्हते. तरी रुपया कोसळला. त्याचे कारण आदल्या वर्षीच्या हिशेबात दडलेले होते.

हा हिशेब म्हणजे देशाचा व्यवहारतोल. वर्षभरात परदेशातून किती पैसा आला आणि किती गेला, याची ती नोंद. तिचे दोन मुख्य भाग असतात. चालू खात्यात माल आणि सेवांची आयात-निर्यात, परदेशस्थ नातेवाइकांनी घरी पाठवलेले पैसे, परकीयांना दिलेले व्याज आणि लाभांश हे सगळे येते. भांडवली खात्यात परकीय गुंतवणूक, कर्जे आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवी येतात. पहिल्या खात्यात तूट आली, तर ती दुसऱ्यातून भरावी लागते. तेवढेही डॉलर आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या परकीय चलनसाठ्याला हात घालावा लागतो.

2012-13 मध्ये भारताच्या मालाच्या आयात-निर्यातीत सुमारे 196 अब्ज डॉलरची तूट होती. पुणे, बंगळुरू, हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपन्यांचा मोठा वाटा असलेल्या सेवाक्षेत्रातून निव्वळ 65 अब्ज मिळाले. आखाती देशांतले मल्याळी कामगार, जहाजांवरचे गोवेकर खलाशी, अमेरिकेतले मराठी अभियंते अशा लाखो जणांनी घरी पाठवलेल्या पैशांतून आणखी 64 अब्ज आले. व्याज आणि लाभांशापोटी सुमारे 21 अब्ज बाहेर गेले. अखेर चालू खात्यात 88 अब्ज डॉलरची तूट उरली, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या 4.8 टक्के. भारताने एवढी मोठी तूट आजवर पाहिली नव्हती.

ती एवढी फुगण्यामागे तेल आणि सोने ही दोन मोठी कारणे होती. कच्चे तेल कित्येक महिने पिंपामागे शंभर डॉलरच्या वर होते आणि देशाला लागणाऱ्या तेलाचा बहुतांश भाग आयात करावा लागतो. सोन्याची गोष्ट थोडी वेगळी. त्या काळी किरकोळ महागाई दहा टक्क्यांच्या घरात होती आणि बँकेतल्या ठेवीवर त्याहून कमी व्याज मिळत होते. ठेवीदाराचे पैसे वर्षाअखेर वाढलेले दिसत, पण त्यांत आधीपेक्षा कमी वस्तू येत. मग माणसे सराफाकडे वळली. त्यांना हौसेच्या नावाने दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण बचत वाचवण्याचा तोच मार्ग त्यांना दिसत होता. त्या वर्षी सोन्याची आयात पन्नास अब्ज डॉलरच्या वर गेली.

एवढी तूट असूनही 2012-13 मध्ये रुपयावर आकाश कोसळले नाही, ही बाब सहसा नजरेतून सुटते. भांडवली खात्यात भरपूर डॉलर येत होते. तूट भरून निघाली आणि परकीय चलनसाठ्यात जवळपास 4 अब्जांची भरही पडली. कागदावर ताळमेळ चोख होता. प्रश्न होता तो आलेल्या पैशांच्या जातीचा. कारखाने, गोदामे, कंपन्यांची मालकी यांत रुजणारी थेट परकीय गुंतवणूक निव्वळ 20 अब्जांच्या आसपास होती, म्हणजे तुटीच्या पावभागापेक्षा जरा कमी. बाकीचा बराच भाग शेअर, सरकारी रोखे, अल्पमुदतीची कर्जे आणि ठेवी असा होता. कारखाना एका दुपारी विकून निघून जाता येत नाही, रोखे विकून जाता येते.

बर्नान्के यांच्या वक्तव्यानंतर नेमके हेच झाले. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांवरचे व्याज दोन टक्क्यांच्या आसपास होते, ते सप्टेंबरच्या सुरुवातीला तीन टक्क्यांच्या जवळ पोहोचले. घरच्या घरी जास्त व्याज मिळू लागल्यावर परकीय गुंतवणूकदारांनी भारतीय रोखे विकले आणि आलेल्या रुपयांचे डॉलर करून घेतले. इकडे तेलाची जहाजे बंदरात लागतच होती. सरकारी तेल कंपन्यांना रोज सुमारे 40 ते 50 कोटी डॉलर लागत, आणि ते त्या बाजारातूनच उचलत. देणारे कमी आणि मागणारे तेवढेच, अशा बाजारात भाव चढणारच.

भाव चढू लागला की माणसांचे वागणे बदलते आणि घसरण स्वतःच्याच जोरावर पुढे सरकते. उद्या रुपया आणखी स्वस्त होणार, असे वाटले की आयातदार दोन महिन्यांनी लागणारे डॉलर आजच घेऊन ठेवतो. निर्यातदार परदेशातून येणे असलेली रक्कम होईल तितकी उशिरा आणतो. डॉलरमध्ये कर्ज घेऊन विनिमयदराचे संरक्षण न घेतलेल्या कंपन्या धावपळ करतात. आणि या सगळ्यात तूट आणखी महाग होते: शंभर डॉलरच्या ज्या पिंपाला 5,500 रुपये पडत होते, त्यालाच 6,800 मोजावे लागतात. रुपया स्वस्त झाल्याने निर्यात वाढते हे खरे, पण त्याला काही महिने जातात. तेलाचे बिल मात्र लगेच चुकते करावे लागते.

रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले आणि साठा 290 अब्जांच्या आसपासून 275 अब्जांपर्यंत उतरला. जुलैच्या मध्यात बँकांसाठीचे आपत्कालीन कर्ज महाग करून रुपयाची टंचाई घडवली गेली, पण त्याचा चटका देशातल्या कर्जदारांनाच बसला. सोन्यावरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर नेले. आयात केलेल्या सोन्यापैकी वीस टक्के निर्यातीसाठी राखून ठेवण्याची अट आली. आयात घटली, पण तस्करी वाढली. सगळ्यांत चपखल उपाय 28 ऑगस्टला झाला. तीन सरकारी तेल कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने थेट डॉलर द्यायला सुरुवात केली आणि बाजारातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक तेवढ्यापुरता बाजूला झाला.

4 सप्टेंबरला रघुराम राजन यांनी गव्हर्नरपद स्वीकारले आणि त्याच दिवशी एक खिडकी उघडल्याचे जाहीर केले. अनिवासी भारतीयांकडून किमान तीन वर्षांच्या डॉलर ठेवी घेणाऱ्या बँकांनी ते डॉलर रिझर्व्ह बँकेला देऊन रुपये घ्यायचे. मुदत संपल्यावर तेवढेच डॉलर परत मिळतील, त्यासाठी वर्षाला साडेतीन टक्के खर्च पडेल. बाजारात हेच संरक्षण बरेच महाग होते, म्हणजे फरकाचा बोजा रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या अंगावर घेतला. या सवलतीमुळे अनेक ठेवीदारांनी परदेशी बँकांकडून कर्ज काढूनही पैसे टाकले. नोव्हेंबरअखेरपर्यंत या योजनेतून आणि बँकांच्या परदेशी कर्जांसाठीच्या तशाच सवलतीतून मिळून सुमारे 34 अब्ज डॉलर आले.

2013-14 मध्ये चालू खात्यातील तूट 32 अब्जांवर, म्हणजे सकल उत्पन्नाच्या 1.7 टक्क्यांवर आली. रुपया साठच्या आसपास स्थिरावला. पंचावन्नवर मात्र तो परतला नाही. ठेवींचे डॉलर म्हणजे तीन वर्षांची उसनवारीच होती. 2016 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये त्यांची मुदत भरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने आगाऊ करार करून ठेवलेले डॉलर वापरून ती फेड केली. तोवर कच्चे तेल पिंपामागे पन्नास डॉलरच्या आसपास आले होते.